पाहुणे आले तरी चारही पाय जमिनीवर: कुत्र्याच्या उड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दार उघडलं की कुत्रा येणाऱ्याच्या अंगावर झेपावतो, ही तक्रार घेऊन लोक येतात तेव्हा ओरडणं, ढकलणं, पट्टा ओढणं हे सगळं बहुतेकांचं करून झालेलं असतं. खालचे प्रश्न अशाच घरांमधून येतात. उत्तरं लिहिताना फ्लॅटमध्ये राहणारा, माणसं बघून मनापासून खूश होणारा, साधारण सहा महिने ते दोन वर्षांचा कुत्रा डोळ्यांसमोर ठेवला आहे. घाबरून झेपावणाऱ्या कुत्र्याचा प्रश्न वेगळा आहे, त्याचं उत्तर शेवटाकडे स्वतंत्र दिलं आहे.

कुत्रा अंगावर उड्या का मारतो? तो आपल्यावर वर्चस्व गाजवतो, असं आम्हाला सांगितलं गेलं.

वर्चस्वाचा इथे काही संबंध नाही. पिल्लं मोठ्या कुत्र्यांना भेटतात ती त्यांचं तोंड चाटून. माणसाचं तोंड उंचावर असतं, म्हणून तिथे पोचायला उडी मारावी लागते. पिल्लू चार किलोचं असताना ते पायावर चढलं की आपण उचलून घेतो, लाड करतो. काही महिन्यांत तेच पिल्लू पंचवीस किलोचं होतं आणि तीच उडी आता नको असते. कुत्र्याच्या बाजूने मात्र काहीच बदललेलं नसतं. उडी मारली की माणूस बघतो, बोलतो, हात लावतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

“अरे नको, उतर खाली” म्हणत दोन्ही हातांनी ढकलणं हाही त्याच्या लेखी स्पर्शच असतो, आणि तरण्या कुत्र्याला ती धक्काबुक्की आवडते. घरात रोज ढकलूनही उड्या कमी होत नाहीत त्याचं कारण हेच.

मग नेमकं काय शिकवायचं? ‘बस’ शिकवलं तर पुरेसं नाही का?

‘बस’ वाईट नाही, पण पाहुणा समोर असताना ते अवघड आहे. आनंदाने अख्खं अंग हलत असलेल्या कुत्र्याला ढुंगण टेकवून स्थिर बसायला सांगणं ही मोठी मागणी झाली. तो बसतो, दोन सेकंदांत उठतो आणि उठतानाच्याच जोरात उडी मारतो. चारही पंजे जमिनीवर ठेवणं त्यापेक्षा खूप सोपं आहे. त्यात त्याला शेपूट हलवता येते, वास घेता येतो, इकडेतिकडे वळता येतं. पुढचे दोन पंजे वर उचलायचे नाहीत, एवढीच अट.

इथे ‘खाली’, ‘नो’ असा कुठलाच हुकूम नाही. माणूस समोर येणं हीच खूण झाली पाहिजे. तसं झालं तर तुम्ही स्वयंपाकघरात असताना दुसऱ्या कोणी दार उघडलं तरी कुत्रा जमिनीवरच राहतो.

सुरुवात कशी करायची? पाहुणे बोलवायचे का?

इतक्यात नाही. पहिले काही दिवस तुम्ही आणि कुत्रा, एवढेच पुरेत. घरात सर्वांत शांत वेळ निवडा. फरशी गुळगुळीत असेल तर सतरंजी किंवा मागे रबर असलेलं पायपुसणं अंथरा, कारण पाय घसरत असले तर कुत्र्याला शांत उभं राहणं जड जातं. खाऊचे तुकडे कमरेच्या पिशवीत किंवा मागे टेबलावरच्या वाटीत ठेवा, हातात धरू नका. छातीशी धरलेला खाऊ कुत्र्याला वरच बोलावतो.

आता त्याच्यासमोर उभे राहा. तो चार पायांवर आहे ना? लगेच ‘येस’ म्हणा आणि एक तुकडा त्याच्या पुढच्या दोन पंजांच्या मध्ये, जमिनीवर ठेवा. तो खाऊन डोकं वर करतो, तेव्हाही पाय खालीच असतात. पुन्हा ‘येस’, पुन्हा तुकडा जमिनीवर. सुरुवातीला दर एक-दोन सेकंदांनी एक तुकडा, इतका वेग ठेवा. दहा-बारा तुकडे झाले की थांबा. एकूण दोन मिनिटांच्या आत, दिवसातून दोन-तीन वेळा.

‘येस’ हा शब्द मुद्दाम सुचवला आहे. काही जण ‘हां’ वापरतात, पण आपल्या बोलण्यात ‘हां’ इतक्यांदा येतं की कुत्र्याला त्याचा अर्थ उरत नाही. शब्द कुठलाही चालेल, फक्त तो छोटा आणि एरवी न वापरला जाणारा हवा.

खाऊ जमिनीवरच का, हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. हातातून भरवलं की कुत्रा मान वर करतो आणि वजन मागच्या पायांवर घेतो, म्हणजे उडीची अर्धी तयारी आपणच करून देतो. तुकडा पंजांच्या मध्ये किंवा किंचित मागे पडला की नाक खाली जातं आणि कुत्रा अर्धं पाऊल मागे सरकतो. असं बऱ्याच वेळा झालं की माणूस जवळ येताना तो आपणहून खाली बघायला लागतो. ही नजर दिसली की पहिला टप्पा साधला असं समजा.

मग स्वतःला थोडं अवघड करा. दोन पावलं मागे जाऊन पुन्हा त्याच्याकडे या. नंतर हात वर करा, टाळी वाजवा, “अरे वा, कोण आहे हे!” असं पाहुण्यांच्या सुरात म्हणा. प्रत्येक वेळी एकच गोष्ट वाढवायची. पाय खाली राहिले तर तुकडा, वर आले तर तुम्ही सरळ उभे राहून गप्प, आणि पुढची फेरी आधीपेक्षा सोपी.

आमचा कुत्रा उडी मारतो, खाली येतो आणि मग खाऊ मागतो. कुठे चुकतंय?

ही अडचण फार ठिकाणी दिसते. उडी मारल्यावर तो खाली उतरला की घरचे कौतुकाने खाऊ देतात. कुत्रा हुशार असतो, तो ‘आधी वर, मग खाली, मग खाऊ’ अशी साखळीच शिकतो. ओळखायची खूण अशी: तो उडी अंगाशी न भिडवता अर्धवट मारतो, लगेच जमिनीवर येतो आणि थेट तुमच्या पिशवीकडे बघतो.

यावर उपाय दोन. उडी झालीच तर खाली उतरल्यावर दोन-तीन सेकंद जाऊ द्या, तो शांत उभा आहे हे बघा आणि मगच ‘येस’ म्हणा. दुसरा उपाय जास्त महत्त्वाचा आहे: उडीची वेळच येऊ देऊ नका. पाहुणा आणखी लांब थांबवा, तुकडे लवकर द्या. दहापैकी आठ-नऊ फेऱ्यांत पाय मुळीच वर येणार नाहीत, इतकं सोपं काम असायला हवं.

खाऊ कोणता आणि किती?

एकट्याच्या सरावाला त्याचं नेहमीचं सुकं खाणं पुरतं. माणूस समोर आला की त्याची किंमत घसरते, तेव्हा उकडलेलं चिकन (मीठ-मसाल्याशिवाय) किंवा पनीर वापरा. तुकडा हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा मोठा नको, लहान कुत्र्याला त्याच्या अर्धा. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा-लसूण घातलेलं काहीही देऊ नका, हे कुत्र्यांना विषारी आहे. दिवसभरातल्या खाऊतून येणाऱ्या कॅलरी एकूण आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा आणि तेवढं जेवणातून कमी करा.

दुसऱ्या माणसाबरोबर सराव कसा करायचा?

कुत्र्याला हार्नेस घाला. गळ्याच्या पट्ट्याला दोरी बांधून तो झेपावला तर झटका गळ्याला बसतो, म्हणून हार्नेसच. चार-पाच फुटांची दोरी खिडकीच्या ग्रिलला किंवा जड सोफ्याच्या पायाला बांधा आणि तुम्ही त्याच्या शेजारी उभे राहा. दोरी जिथे संपते त्याच्या पुढे एक पाऊल, जमिनीवर चिकटपट्टीची खूण करा. समोरच्याने त्या खुणेच्या आत यायचं नाही. म्हणजे उडी मारली तरी ती कोणापर्यंत पोचत नाही आणि समोरच्याला शांत राहता येतं.

पाहुण्याच्या भूमिकेत घरातलंच माणूस चालेल. त्याने दहा फुटांवरून, न बोलता, सावकाश चालत यायचं. तो येत असताना तुम्ही तुकडे जमिनीवर ठेवत राहायचं. कुत्र्याचे पुढचे पंजे उचलले गेले की तुम्ही तुकडे थांबवायचे आणि येणाऱ्याने काही न बोलता दोन पावलं मागे जायचं. पंजे टेकले, क्षणभर टिकले, की पुन्हा पुढे. कुत्र्याला यातून एक सरळ हिशोब कळतो. पाय खाली असले की माणूस जवळ येतो, वर गेले की लांब जातो. त्याला खरं तर माणूसच हवा असतो, त्यामुळे हे माणसाचं जवळ येणं खाऊपेक्षाही मोठं बक्षीस ठरतं.

खुणेपर्यंत न बोलता जमलं की मग बोलत येणं, मग वाकणं, आणि शेवटी हात लावणं. हात लावताना समोरच्याने एक हात खालून, हनुवटीखाली किंवा छातीवर न्यावा. डोक्यावरून हात आला की बरेच कुत्रे त्या हाताकडे तोंड वर करतात आणि पंजेही त्यामागून येतात. तीन सेकंद कुरवाळून हात काढून घ्यायचा. जास्त वेळ लाड झाले की चढलेला आनंद उडीतच बाहेर पडतो.

सलग तीन वेळा पाय वर आले तर कुत्र्याला रागावू नका. अंतर कमी पडतंय किंवा येणाऱ्याचा आवाज जास्त आहे. पाच फूट मागे जाऊन पुन्हा सुरू करा.

बेल वाजली की तो कोणाचंच ऐकत नाही. तिथे काय करायचं?

बेल वेगळी शिकवायची, माणसाशिवाय. बेल वाजणं, दार उघडणं आणि माणूस आत येणं हे आपल्याला एकच प्रसंग वाटतं. कुत्र्यासाठी त्या तीन पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर त्याचा पारा चढतो. माणूस दिसेपर्यंत तो शिगेला पोचलेला असतो.

तुमच्याच दाराची बेल मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. दारापासून सात-आठ फुटांवर, पण दार दिसेल अशा जागी एक चटई टाका. रेकॉर्डिंग हळू आवाजात वाजवा आणि लगेच चटईवर पाच-सहा तुकडे पसरून टाका. कोणी येत नाही, दार उघडत नाही, एवढंच. क्रम चुकवू नका: आधी बेल, मग खाऊच्या डब्याला हात. उलटं केलंत तर कुत्रा बेलऐवजी डब्यावर लक्ष ठेवायला शिकेल. दिवसभरात चार-पाच वेळा, वेगवेगळ्या वेळी हे करा आणि आवाज हळूहळू खऱ्या बेलइतका वाढवा. काही दिवसांनी बेल वाजल्यावर तो दाराऐवजी चटईकडे वळताना दिसेल.

त्यानंतर घरातल्या कोणी बाहेर जाऊन खरी बेल वाजवायची. मग बेल आणि उघडं दार, पण बाहेर कोणी नाही. सगळ्यात शेवटी माणूस. डबा दाराजवळ, चपलांच्या रॅकवर, कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाही असा ठेवा. झाकण घट्ट हवं, नाहीतर मुंग्या लागतात.

शेजारच्यांची बेल तुमच्यासारखीच असेल तर तुमची बदला. सूर बदलता येणाऱ्या बेल सहज मिळतात, आणि दिवसातून वीस वेळा उगाच उठणारा कुत्रा शिकणं फार कठीण आहे.

खरे पाहुणे आले की काय करायचं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगाल का?

आपल्याकडच्या जाळीच्या सेफ्टी डोअरचा इथे फार उपयोग होतो. आधी आतलं दार उघडा, सेफ्टी डोअर बंदच. पाहुण्यांना म्हणा, “एक मिनिट थांबा हं, याला शिकवतोय.” कुत्रा हार्नेस आणि दोरीवर असू द्या. चटईवर तुकडे टाका आणि जाळीतून त्याला माणूस बघू द्या, वास घेऊ द्या. पहिला जोर इथेच ओसरतो. तो नाक खाली घालून तुकडे शोधायला लागला की दार उघडा.

पाहुण्यांना एकच वाक्य सांगा, तेही दाराबाहेर असतानाच: “आत येऊन थेट सोफ्यावर बसा, तो चार पायांवर असेल तेव्हाच हात लावा.” यापेक्षा जास्त सूचना कोणाच्या लक्षात राहत नाहीत. बाकीचं काम तुमचं आहे. पाहुणे बसेपर्यंत दोरी तुमच्या हातात, आणि दोरीला थोडी ढील. ताणलेल्या दोरीवर कुत्रा मागच्या पायांवर सहज उभा राहतो, आणि ही उडी आपल्यामुळे होते हे लक्षातही येत नाही. दोरी जमिनीकडे झोळ पडेल इतकी सैल, पण पाहुण्यांपर्यंत पोचणार नाही इतकी आखूड हवी.

पाहुणे बसले, पाच मिनिटं गेली, कुत्रा आडवा झाला किंवा निदान शांत उभा राहिला, की भेट घडवा. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते: पाहुणे निघायला उठतात तेव्हा. बसलेला माणूस अचानक उभा राहिला की कुत्र्याला नव्याने भेट सुरू झाल्यासारखी वाटते. उठायच्या आधी डबा हातात घ्या.

एखाद्या घरात हे प्रत्यक्षात कसं होतं?

एक घर डोळ्यांसमोर आणू. दहा महिन्यांची लॅब्राडोर कुत्री, नाव चिंगी, वजन २४ किलो. घरात आई-बाबा, कॉलेजला जाणारा मुलगा आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजी. रोज सकाळी साडेनऊला स्वयंपाकाच्या मावशी येतात आणि चिंगीच्या नखांनी त्यांच्या साडीचे धागे निघतात. पाहुणे मात्र पंधरा दिवसांतून एकदा.

या घरातला सर्वांत उपयोगी पाहुणा म्हणजे मावशी. त्या रोज, ठरलेल्या वेळी येतात, म्हणजे सराव आपोआप रोज होतो. त्यासाठी आधी त्यांना विचारायला हवं. कुत्र्याची भीती असेल तर त्यांच्यावर हा सराव लादू नये, त्या येतात तेव्हा चिंगी आतल्या खोलीत राहील. समजा त्यांना भीती नाही, फक्त वैताग आहे, आणि त्या “चालेल, बघू” म्हणाल्या.

पहिला आठवडा मावशींचा संबंधच नाही. घरचे चिंगीचा एकटीचा आणि बेलचा सराव घेतात. नऊ पंचविसाला चिंगीला गॅलरीत ठेवलं जातं, म्हणजे जुनी सवय रोज सकाळी पुन्हा घट्ट होत नाही. दुसऱ्या आठवड्यात बाबा साडेनऊला डबा घेऊन तयार. मावशी जाळीबाहेर अर्धा मिनिट थांबतात, मग आत येऊन सरळ स्वयंपाकघरात जातात. चिंगीशी बोलायचं नाही, बघायचंही नाही. चार-पाच दिवसांत त्या आत येताना चिंगी चटईवर नाक घालून राहते.

मग पहिली अडचण. मावशी काम आटोपून पिशवी घेऊन बाहेर येतात आणि चिंगी उडी मारते. येतानाचा सराव झाला होता, जातानाचा नव्हता. तोही तसाच, चटईवर तुकडे टाकून करावा लागतो.

दुसरी अडचण मुलाची. तो रात्री घरी आला की छाती थोपटून चिंगीला अंगावर घेतो, दोघं लोळतात. चिंगी दिवसा शिकते आणि रात्री विसरते, असं आईला वाटतं. चिंगी विसरत नाही. कधीकधी उडीला उत्तर मिळतं, एवढं तिला समजलेलं असतं, आणि अधूनमधून फळ देणारी सवय रोज फळ देणाऱ्या सवयीपेक्षा चिवट असते. मुलगा मस्ती करणं सोडणार नाही, आणि सोडायची गरजही नाही. त्याने ती दारातून काढून गच्चीवर न्यायची, दोरीखेचीचं खेळणं हातात घेऊन. दारात मात्र त्यालाही पाहुण्यांचाच नियम.

तिसरी अडचण जूनमध्ये येते. मावशी रेनकोट घालून, ठिबकती छत्री घेऊन दारात उभ्या, आणि चिंगी पहिल्या दिवसासारखी झेपावते. कुत्र्याच्या दृष्टीने हे नवं माणूस आहे. दोन दिवस जाळीबाहेर थांबण्याची पायरी पुन्हा घेतली की गाडी रुळावर येते.

आजींची भेट सगळ्यात शेवटी, आणि तीही चिंगी दोरीवर असताना, आजी खुर्चीत बसलेल्या असताना. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर एकही धक्का परवडणारा नसतो.

“असू दे हो, आम्हाला कुत्रे आवडतात” म्हणणाऱ्या पाहुण्यांचं काय?

हेच लोक सगळ्यात अवघड, कारण ते प्रेमाने सराव मोडतात. त्यांना वाद घालून पटवू नका, काम द्या. हातात चार तुकडे ठेवा आणि म्हणा, “काका, हे त्याच्या पायाशी टाका बरं, तुमच्याकडून शिकू दे त्याला.” कुत्रे आवडणाऱ्या माणसाला हे करायला आनंद होतो. तरीही ते हात वर करून बोलावत असतील तर कुत्र्याला आत घेऊन जा. पाहुण्यांना वाईट वाटेल म्हणून सरावावर पाणी सोडू नका.

उडी मारल्यावर पाठ फिरवून दुर्लक्ष करा, असं सगळीकडे सांगतात. आम्ही केलं, तर उड्या वाढल्या.

वाढणारच. जे आजवर मिळत होतं ते अचानक बंद झालं की कुत्रा आधी जास्त जोर लावतो: उंच उडी, भुंकणं, पाठीवर पंजे, ओढणी धरणं. याच वेळी कोणीतरी वैतागून वळतो आणि “बस कर” म्हणतो. मग कुत्र्याला कळतं की जोर लावला की उपयोग होतो. नुसत्या दुर्लक्षाने ‘काय करू नको’ एवढंच सांगितलं जातं, काय करायचं ते त्याला कळत नाही. शिवाय पाहुण्यांनी ओरखडे सोसत पाठ फिरवून उभं राहावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. मागे सरकणं वर सांगितलं आहे ते बांधलेल्या कुत्र्याबरोबर आणि पायाशी खाऊ पडत असताना. तिथे ते चालतं.

छातीत गुडघा मारायचा, पुढचे पंजे दाबून धरायचे, मागच्या पंजांवर पाय द्यायचा, असे उपाय चालतात का?

करू नका. गुडघ्याने बरगड्यांना इजा होऊ शकते, पंजांची हाडं नाजूक असतात. त्याहून मोठा तोटा पुढे दिसतो. माणूस दारात आला की दुखतं, असं कुत्र्याच्या मनात बसलं तर तो माणसांनाच घाबरायला लागतो. उड्या मारणारा कुत्रा शिकवून सुधारतो. पाहुण्यांवर गुरगुरणारा कुत्रा सांभाळणं फार अवघड. शॉकचा पट्टा आणि काट्यांची साखळी यांनाही हेच लागू आहे.

घरी लहान मुलं येतात तेव्हा?

दोरी आणि मोठं माणूस, दोन्ही हवंच. मुलं पळतात, किंचाळतात, हात वर उचलून घेतात आणि प्रत्येक हालचाल उडीला आमंत्रण असते. मुलांना ‘झाड व्हा’ हा खेळ शिकवा: हात घडी, पाय जागेवर, नजर स्वतःच्या चपलेकडे. पाच वर्षांखालच्या मुलांकडून मात्र याची अपेक्षा ठेवू नये. ती असतील तोवर कुत्रा दुसऱ्या खोलीत बरा.

गणपतीत दिवसभर माणसं येतात. तेव्हा सराव करावा का?

नाही. आरतीचा गोंगाट, वीस जोडी चपला, प्रसादाचे हात, यात कोणीही नीट शिकवू शकत नाही. सकाळी लांब फेरी मारून आणा, मग आतल्या खोलीत पंखा, पाणी आणि चघळायला काहीतरी देऊन ठेवा. दही-भात भरून गोठवलेलं रबरी खेळणं बराच वेळ पुरतं. मोदक त्याच्या तोंडाशी नेऊ नका, सारणात मनुका असू शकतात. गर्दी ओसरल्यावर, ओळखीचे एक-दोघं उरले की बाहेर आणा.

आमचा कुत्रा उडी मारतो, पण शेपूट पायात असते. कधीकधी थोडी लघवीही होते.

हा आनंद नव्हे. कान मागे, अंग आखडलेलं, ओठ चाटणं, शेपूट खाली, अशी चिन्हं दिसली तर कुत्रा घाबरलेला आहे आणि “मला काही करू नका” असं विनवतो आहे. रस्त्यावरून आणलेल्या देशी कुत्र्यांमध्ये हे पुष्कळदा दिसतं. त्याला माणसाकडे नेण्याचा सराव देऊ नका. पाहुण्यांनी त्याच्याकडे न बघता बसावं, तुकडे लांब, कुत्र्याच्या मागच्या बाजूला टाकावेत, म्हणजे खाण्यासाठी त्याला माणसाजवळ यावं लागत नाही. जवळ यायचं की नाही हे त्यालाच ठरवू द्या. लघवी झाल्यावर रागावलात तर ती वाढेल. आणि गुरगुरणं, दात दाखवणं, ताठ उभं राहून रोखून बघणं असेल तर हे पान तुमच्यासाठी नाही. पशुवैद्याकडून तपासणी करून घ्या, दुखणं नाही ना ते बघा आणि मारहाण न करणाऱ्या प्रशिक्षकाला घरी बोलवा.

खाऊ कायमचा द्यावा लागतो का? आणि फरक कधी दिसतो?

रोज सराव झाला आणि मधल्या काळात उडी कोणापर्यंत पोचू दिली नाही, तर घरच्यांबरोबर फरक बहुधा दोन-तीन आठवड्यांत दिसतो. अनोळखी पाहुण्यांना काही महिने लागतात. सहा महिने ते दीड वर्ष हे कुत्र्याचं अडनिडं वय असतं, जमलेलं मध्येच बिघडतं, तेव्हा पायरीभर मागे जायचं.

खाऊ अचानक बंद करू नका. आधी दर दोन सेकंदांचा तुकडा पाच सेकंदांवर न्या, मग पाहुणे आत आल्यावर एक आणि बसल्यावर एक, इतकाच ठेवा. पुढे छातीवरची कुरवाळणी त्याची जागा घेते. दारावरचा डबा मात्र कायम भरलेला राहू द्या. दिवाळीनंतर, गावाहून परतल्यावर, घर बदलल्यावर तो लागतो.

उडी मारताना पाहुण्यांना नख लागलं आणि रक्त आलं तर?

जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि जाताना कुत्र्याचं लसीकरणाचं कार्ड बरोबर न्या. रेबीजची लस द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील, घरी बसून ठरवू नका. कुत्र्याची नखं दर तीन-चार आठवड्यांनी कापत जा. फरशीवर चालताना टकटक आवाज येत असेल तर ती वाढलेली आहेत.